केक मध्येच का बसतो? ओटीजी आणि कुकरच्या केकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संत्र्याचा मोसम आला की नागपुरात केकचे प्रश्नही वाढतात. त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच असतो: वर आलेला केक मधून खाली का गेला? खालची उत्तरं मैद्याच्या साध्या, घरगुती केकसाठी आहेत, अंड्याच्या आणि बिनअंड्याच्या दोन्ही. चीजकेक, मूस वगैरे प्रकार इथे घेतलेले नाहीत. प्रमाणं जिथे दिली आहेत तिथे कप म्हणजे २४० मिलिलिटर आणि टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर, तेही सपाट. चहाचा मग आणि पोह्याचा चमचा या हिशेबात बसत नाहीत.

केक मधोमधच का बसतो? कडेला का नाही?

कारण मधला भाग सगळ्यात शेवटी शिजतो. टिन तापतं, उष्णता कडेकडून आणि तळातून आत शिरते, आणि मध्यापर्यंत पोहोचायला तिला बराच वेळ लागतो.

या वेळात मिश्रणात दोन गोष्टी बरोबरीने चाललेल्या असतात. एकीकडे सोडा किंवा बेकिंग पावडरचा वायू, फेटताना आत गेलेली हवा आणि पाण्याची वाफ मिळून बुडबुडे फुगवत असतात. दुसरीकडे मैद्यातलं स्टार्च पाणी पिऊन घट्ट होत असतं, अंडं असेल तर त्यातली प्रथिनं गोठत असतात, आणि त्या बुडबुड्यांभोवती पक्की भिंत तयार होत असते. बुडबुडा पूर्ण फुगला आणि त्याच सुमारास भिंत पक्की झाली, तर केक जिथे आहे तिथेच राहतो. भिंत ओली असतानाच बुडबुडा फुटला किंवा थंड होऊन आक्रसला, तर वरचं वजन खाली येतं. कडेला भिंत लवकर पक्की होते म्हणून कडा उभ्या राहतात, मध्ये ती उशिरा होते म्हणून खड्डा मध्ये पडतो.

गोड मिश्रणात ही भिंत आणखी उशिरा तयार होते. नुसत्या पाण्यात गव्हाचं स्टार्च ६०-६५ अंशांना फुगायला लागतं. केकमध्ये साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे तेच काम ८०-९० अंशांपर्यंत लांबतं. साध्या केकचा मध्य नीट पक्का व्हायला तो आतून साधारण ९५ ते ९८ अंशांपर्यंत तापावा लागतो. बाहेरून सोनेरी दिसणाऱ्या केकचा मध्य ८५ वर असू शकतो, आणि पुढचे सगळे घोळ त्या दहा-बारा अंशांत होतात.

थोडा बसणं चालतं का?

चालतं. गरम केकमधली वाफ थंड होताना पाणी होते, हवा आक्रसते, आणि घुमट थोडा सपाट होतो. बोटाच्या नखाएवढा उतार म्हणजे बिघाड नाही. वाटी ठेवता येईल असा खड्डा असेल तर पुढे वाचा.

माझा केक कोणत्या कारणाने बसला हे कसं ओळखू?

दोन गोष्टी बघा: कधी बसला आणि कापल्यावर आत काय दिसतं. बहुतेकजण खड्डा दिसला की वैतागून केक चुरून टाकतात. तसं करू नका. बरोबर मध्यावरून उभा कापा आणि काप उजेडात धरा.

ओव्हनमध्ये असतानाच, वेळ संपण्याआधी बसला असेल, आणि आत मोठी मोठी भोकं, खरबरीत भुसभुशीत पोत, थोडी साबणासारखी किंवा खारट चव असेल, तर सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त झाली आहे. अशा केकचा रंगही बऱ्याचदा गडद असतो, कारण जास्तीच्या सोड्याने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि लवकर तपकिरी पडतं.

बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटांत बसला आणि खड्ड्याखाली ओला, चिकट, पिठूळ पट्टा दिसला, तर तो कच्चा राहिला आहे. सोड्याला दोष देऊ नका. हा प्रकार मी सगळ्यात जास्त बघते, विशेषतः कुकरच्या केकमध्ये.

तिसरा प्रकार म्हणजे शिजलेला आहे, चिकट नाही, पण तळाशी रबरासारखा दाट थर आणि वर थोडी जाळी. इथे एकतर पातळ पदार्थ जास्त झालेत, किंवा मिश्रण करून ठेवल्यामुळे वायू ओव्हनमध्ये जाण्याआधीच उडून गेला आहे. असा केक खरं तर नीट वर आलेलाच नसतो. कडा टिनला चिकटून वर राहतात आणि मध्य खाली असतो, म्हणून तो बसल्यासारखा वाटतो.

सोडा जास्त घातला तर केक जास्त फुगायला हवा. मग बसतो कसा?

फुगतो ना, पण वेळेआधी. वायू जास्त झाला की शेजारशेजारचे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. मोठ्या बुडबुड्याची भिंत पातळ असते आणि तो वर तरंगत जाऊन पृष्ठभागावर फुटतो. ओव्हनच्या काचेतून बघत असाल तर पंधराव्या-विसाव्या मिनिटाला केक टिनच्या वर डोकावतो, सगळे खूश होतात, आणि पंचविसाव्या मिनिटाला मध्य हळूहळू खाली सरकायला लागतो. वायू संपलेला असतो आणि मध्याची भिंत अजून ओलीच असते.

१ कप मैद्याला, म्हणजे साधारण १२५ ग्रॅमला, १ ते सव्वा टीस्पून बेकिंग पावडर पुरते. दही, ताक, संत्र्याचा रस असं काही आंबट असेल तर अर्धा टीस्पून बेकिंग पावडर आणि पाव टीस्पून खाण्याचा सोडा. पाव टीस्पून सोडा जिरवायला साधारण अर्धा कप आंबट पदार्थ लागतो. त्यापेक्षा जास्त सोडा म्हणजे न जिरलेला सोडा, आणि साबणाची चव तिथूनच येते.

सोड्याची ताकद बेकिंग पावडरच्या तिप्पट-चौपट असते. बेकिंग पावडर संपली म्हणून तितकाच सोडा ढकलला की केक हमखास बसतो.

बेकिंग पावडर जुनी आहे. थोडी जास्त घालून चालेल का?

नको. आधी तपासा. अर्धा कप गरम पाण्यात एक टीस्पून टाका. लगेच जोरात फसफसली तर ठीक, दोन-चार बुडबुडे येऊन गप्प झाली तर टाकून द्या. सोडा तपासायचा असेल तर गरम पाणी नाही, लिंबाचा रस. पावसाळ्यात उघडा राहिलेला किंवा सुटा घेतलेला डबा आधीच ओल धरून अर्धा मेलेला असतो, आणि तो नेमका किती मेलाय हे चमच्याने मोजता येत नाही.

कुकरमध्ये केक करताना तो बसण्याची शक्यता जास्त असते का?

हो, आणि त्याचं कारण कुकरच्या रचनेतच आहे. ओटीजीमध्ये वरून आणि खालून दोन्हीकडून उष्णता मिळते. कुकरमध्ये ती फक्त खालून येते. झाकण वरून तापतं, पण ते मुळात उष्णता गमावत असतं. त्यामुळे केकच्या वरच्या भागाचा मध्य सगळ्यात शेवटी पक्का होतो, आणि वर रंगही येत नाही, म्हणजे डोळ्यांना काही खूण मिळत नाही. पांढरट दिसतोय म्हणून कच्चा आहे असं नाही, आणि थोडा वर आला म्हणून झाला असंही नाही.

मांडणी अशी करा. कुकर पूर्ण कोरडा. झाकणातलं रबर आणि वरची शिट्टी दोन्ही काढलेली. तळाशी एक इंच मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती, त्यावर स्टँड किंवा जाळी, म्हणजे टिन थेट तळाला टेकणार नाही. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचा. मग टिन ठेवायचं, पहिली पाच मिनिटं आच तशीच आणि नंतर मंद.

रबर आणि शिट्टी काढायची हे विसरून चालणार नाही. ती लावून ठेवली तर केकच्या वाफेने आत दाब तयार होतो, आणि कोरड्या उष्णतेने रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही खराब होऊ शकतात. गरम कुकरवर पाणीही टाकू नका, तळ वाकडा होतो. कुकरच्या पुस्तिकेत पाण्याशिवाय वापरू नका असं लिहिलेलं असेल तर ते ऐका आणि जाड बुडाची जुनी कढई घट्ट झाकणासह वापरा. केक तितकाच चांगला होतो. रोजच्या डाळभाताचा चांगला कुकर केकसाठी वापरावा असं मला तरी वाटत नाही, जुना असेल तो बाजूला काढा.

रेसिपी तीच, पण ओटीजीत नीट झाला आणि कुकरमध्ये बसला. असं का?

बहुतेक वेळा टिनमुळे. रेसिपी आठ इंची टिनची असते आणि घरच्या पाच लिटरच्या कुकरमध्ये सहा इंचाचं टिनच मोकळेपणी बसतं. दोन इंचांचा फरक किरकोळ वाटतो, पण गोलाच्या क्षेत्रफळात तो मोठा आहे. आठ इंची टिनचा तळ साधारण ५० चौरस इंच, सहा इंची टिनचा २८. तेच मिश्रण सहा इंचीत ओतलं तर त्याची उंची पावणेदोन पट होते. टिन खोल असेल तर उतू जात नाही, म्हणून शंकाही येत नाही. मात्र मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला आता कितीतरी जास्त वेळ लागणार असतो, आणि रेसिपीतले ४०-४५ मिनिटं त्या उंचीसाठी लिहिलेलेच नसतात.

टिन बदललं तर मिश्रणही बदला. आठ इंचीची रेसिपी सहा इंचीत करायची तर सरळ निम्मी करा.

एक खरं उदाहरण देता का?

मानेवाड्याच्या एका वहिनींच्या बिनअंड्याच्या संत्रा केकचं सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळं आलं आहे. त्यांनी २ कप मैद्याची रेसिपी घेतली होती, आठ इंची टिनसाठी. कुकर पाच लिटरचा, टिन सहा इंच व्यासाचं आणि तीन इंच खोल. मिश्रण तयार करून टिनमध्ये ओतलं, तेव्हा ते निम्म्यापेक्षा थोडं वर आलं. मग त्यांनी कुकर गॅसवर तापायला ठेवला. विसाव्या मिनिटाला केक कसा फुगलाय ते बघायला झाकण उघडलं, पंचेचाळिसाव्या मिनिटाला टूथपिक घातली, ती कोरडी आली, आणि केक बाहेर काढला. दहा मिनिटांत मध्ये चांगला खोल खड्डा.

कापल्यावर काप बघितला. कडेला आणि तळाला दोन बोटं जाडीचा भाग छान शिजलेला, बारीक एकसारखी जाळी, चव चांगली. मधोमध वरच्या बाजूने खाली निमुळता होत गेलेला ओला, पिवळट, चिकट भाग. मोठी भोकं नाहीत, साबणाची चव नाही. म्हणजे सोडा बरोबर होता. केक कच्चा होता.

आता हिशेब बघा. त्या मिश्रणाचा अंदाजे आकार ८०० मिलिलिटर. आठ इंची टिनमध्ये ते अडीच सेंटिमीटर उंच भरलं असतं, सहा इंचीत साडेचार सेंटिमीटरच्या जवळ गेलं. मुख्य चूक ही. टूथपिक कोरडी आली कारण ती त्यांनी मध्यापासून जरा बाजूला, वर पडलेल्या भेगेतून घातली होती. भेगेत वाफेने कडा वाळलेल्या असतात, तिथे टूथपिक खोटं बोलते. विसाव्या मिनिटाला झाकण उघडल्याने साठलेली उष्णता गेली आणि मंद आचेवर ती परत यायला वेळ लागला, तो वेळ पंचेचाळीसमधून वजा झाला. आणि कुकर तापेपर्यंत मिश्रण ओट्यावर पंधरा मिनिटं उभं होतं. संत्र्याचा रस आणि दही सोड्याला भेटले की वायू लगेच सुटायला लागतो, त्यातला काही तिथेच गेला. हे शेवटचं दुय्यम होतं, पण होतं.

दुसऱ्यांदा केलं ते असं. मैदा १ कप, पिठी साखर पाऊण कप, दही पाव कप, गाळलेला संत्र्याचा रस ६ ते ७ टेबलस्पून, तेल पाव कप, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, सोडा पाव टीस्पून, आणि एका संत्र्याच्या सालीचा फक्त नारिंगी भाग किसून, पांढरा नाही, तो कडवट लागतो. आधी कुकर गॅसवर चढवला. तो तापत असताना दही, साखर, तेल, रस एकत्र फेटलं. मैदा, बेकिंग पावडर आणि सोडा दोनदा चाळून वेगळे ठेवले. कुकर तापल्यावरच कोरडं ओल्यात घातलं, गुठळ्या मोडेपर्यंतच हलवलं आणि लगेच टिन आत. उंची आता सव्वादोन सेंटिमीटर. पहिली तीस मिनिटं झाकणाला हात नाही. पस्तिसाव्या मिनिटाला बरोबर मध्यावर, भेग टाळून टूथपिक घातली, तिला ओलसर कण लागले, म्हणून पाच मिनिटं आणखी. केक मधून थोडा उंच राहिला आणि तसाच थंड झाला.

रसाचं एक लक्षात ठेवा. नागपुरी संत्रं रसाळ असतं, आणि दोन संत्र्यांचा रस अर्ध्या कपाच्या वर सहज जातो. उरलाय तर टाकून देऊ म्हणून तो मिश्रणात ढकलायचा मोह होतो. तो प्यायचा. जास्तीचा रस म्हणजे पातळ मिश्रण, आणि पातळ मिश्रणात बुडबुडे थांबत नाहीत.

ओटीजीचं दार मध्ये उघडलं तर खरंच केक बसतो का?

कधी उघडता त्यावर आहे. एकूण वेळेचे पहिले दोन तृतीयांश तरी उघडू नका. ३५ मिनिटांचा केक असेल तर पंचविसाव्या मिनिटाआधी नाही. त्या वेळात मध्य पक्का झालेला नसतो, आणि गार हवा आत शिरली की बुडबुडे आक्रसतात. घरगुती ओटीजी लहान असते, पत्रा पातळ असतो, त्यामुळे दार उघडताच आतली उष्णता झटकन बाहेर पडते. मध्य पक्का झाल्यावर उघडलं तर काही होत नाही. टिन फिरवायचं असेल तर तेव्हा फिरवा.

१८० वर ठेवलं होतं तरी कच्चा राहिला.

बटणावर १८० लिहिलं आहे म्हणून आत १८० असेलच असं नाही. ओटीजीचे थर्मोस्टॅट वीस-तीस अंश इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या, सीताबर्डीत केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा. दोन-तीनदा वापरलात की तुमच्या ओटीजीचं गणित कळतं, मग १८० साठी काटा २०० वर ठेवायचा की १६५ वर, हे पाठ होतं.

आच कमी असेल तर बुडबुडे सावकाश फुगत राहतात, एकमेकांत मिसळतात आणि भिंत पक्की होण्याआधी फुटतात. आच जास्त असेल तर वरचा थर लवकर कडक होतो, आत कच्चं राहतं, वर भेग पडते, आणि बाहेर काढल्यावर सगळं खाली. दोन्हीकडून खड्डाच. फरक वरून कळतो: पहिला केक फिका आणि सपाट, दुसरा गडद आणि फुटलेला.

प्रीहीटचा दिवा विझला की लगेच टिन ठेवू नका. दिवा फक्त हवा तापल्याचं सांगतो, पत्रा अजून तापायचा असतो. पाच मिनिटं जास्त द्या.

उन्हाळ्यात संध्याकाळी केला की बसतो, सकाळी नाही. हा भ्रम आहे का?

भ्रम नाही. एक कारण विजेचं. संध्याकाळी घरोघरी कूलर आणि एसी चालू असतात आणि काही भागांत व्होल्टेज पडतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर १२०० वॅटची ओटीजी ९०० वॅटचंच काम करते. बटण १८० वर असलं तरी तिथपर्यंत पोहोचायला आणि दार उघडल्यावर सावरायला तिला जास्त वेळ लागतो. मध्येच लाइट गेली तर दार बंद ठेवा आणि वाट बघा. पहिल्या पंधरा मिनिटांत गेली असेल आणि लवकर आली नाही, तर तो केक गेला असं समजा.

दुसरं कारण उन्हाचं. रेसिपीत लोणी "रूम टेंपरेचरला" असावं असं लिहिलेलं असतं, ते विशीच्या आसपासच्या खोलीसाठी. साखर आणि लोणी फेटून हवा धरायची तर लोणी साधारण १८-२० अंशांवर, बोट दाबलं तर खळगा पडेल पण चकाकणार नाही असं हवं. नवतप्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात, जिथे कूलरची हवा पोहोचत नाही, लोणी ओट्यावर ठेवलं की ते वितळतं. वितळलेलं लोणी हवा धरत नाही. मग केकचा सगळा भार बेकिंग पावडरवर येतो, आणि गरम मिश्रणात तीही लवकर सुटते.

उपाय सोपा आहे. लोणी फ्रीजमधून काढून दहा मिनिटांतच वापरा, फेटायचं भांडं आधी फ्रीजमध्ये ठेवा, दही आणि दूध गारच घ्या. किंवा मे-जूनमध्ये लोण्याचा केक सोडून तेलाचा करा, तेलाच्या केकला फेटून हवा धरायची गरजच नसते. कुकरवर करत असाल तर कूलरचा झोत शेगडीवर येत नाही ना तेही बघा. मंद आच त्या वाऱ्याने निम्मी होते, कधी विझतेही.

बिनअंड्याचा केक जास्त बसतो का?

थोडा जास्त, हो. अंड्याची प्रथिनं गोठून भिंतीला आधार देतात, तो आधार इथे नसतो आणि सगळं स्टार्चवर सोपवलेलं असतं. कंडेन्स्ड मिल्कच्या केकमध्ये तर साखर आधीच भरपूर असते. त्यात "अजून थोडं गोड हवं" म्हणून पाऊण वाटी साखर वर घातली की भिंत पक्की व्हायला आणखी उशीर. पूर्ण डबा कंडेन्स्ड मिल्क असेल तर वेगळी साखर घालू नका, किंवा दोन-तीन चमच्यांवर थांबा.

खूप फेटल्याने बसतो का?

मैदा घातल्यावर खूप फेटलं तर केक जास्त करून चिवट होतो आणि आत उभी बोगदी पडतात. बसण्याचं हे मुख्य कारण क्वचितच असतं.

रव्याचा केक?

रवा पाणी सावकाश पितो. सोडा न घालता मिश्रण वीस मिनिटं झाकून ठेवा, घट्ट झालं तर थोडं दूध घाला, आणि सोडा अगदी शेवटी, कुकर तापल्यावर. सगळं एकदम कालवून ठेवलं तर रवा भिजेपर्यंत वायू उडालेला असतो.

परदेशी रेसिपीत उंचीवर केक बसतो असं लिहिलं आहे. नागपूरला ते लागू आहे का?

नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, पाणी इथे ९९ अंशांच्या आसपास उकळतं. डोंगराळ भागासाठी बेकिंग पावडर कमी करायला सांगणारे तक्ते इथे वापरू नका.

केक झाला हे नक्की कसं कळतं?

तीन खुणा एकत्र बघा. कडा टिनपासून किंचित सुटलेल्या. मध्यावर बोटाने हलकं दाबलं तर खळगा परत वर येतो, तसाच राहत नाही. आणि भेग टाळून, बरोबर मध्यावर, तळापर्यंत घातलेल्या टूथपिकला ओलं पीठ लागत नाही, दोन-चार कोरडे कण चालतात. टिन हलकेच हलवलं आणि मध्य थरथरला, तर इतर काही बघायची गरजच नाही, अजून वेळ आहे. नेहमी केक करणाऱ्यांनी खुपसायचा थर्मामीटर घ्यावा. मध्य ९६ च्या वर गेला की गॅस बंद.

बसलेला केक वाचवता येतो का?

बाहेर काढून पाचच मिनिटं झाली असतील आणि मध्य ओला असेल, तर लगेच परत आत ठेवा, वरून फॉइल झाका आणि दहा-पंधरा मिनिटं द्या. खड्डा भरून येणार नाही, पण कच्चं शिजेल. पूर्ण गार झालेला केक परत भाजून मध्य नीट होत नाही, कडा मात्र वाळतात.

शिजलेला पण बसलेला असेल तर तो उलटा करा, तळ सपाट असतो तोच वर घ्या, आणि खड्ड्यात खाली क्रीम भरा. कोणाला कळणार नाही. मध्य कच्चा आणि केक गार, अशा वेळी ओला भाग चमच्याने काढून टाका, मैदा कच्चा खाऊ नये. उरलेल्या भागाचे बोटभर जाड काप करा, ओटीजीत १५० अंशांवर मांडा आणि दोन्ही बाजू उलटत कडक होईपर्यंत वाळवा. हे केक रस्क गार झाल्यावर डब्यात भरा, गरम भरले तर वाफ धरून मऊ पडतात. साबणाची चव असलेला केक मात्र रस्क केला तरी साबणासारखाच लागतो.